एकाच इमारतीतील फ्लॅटमालकांना पाठवायचे परिचयपत्र : मसुदा तपासून हवा आहे

उंबरठा

नमस्कार. मी तीन वर्षांपासून घरांच्या विक्रीचे आणि भाड्याचे काम स्वतंत्रपणे करतो. माझ्या कामाच्या भागात 18 मजल्यांची एक इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर 4 फ्लॅट, म्हणजे एकूण 72. कडेचे दोन फ्लॅट तीन बेडरूमचे आणि मधले दोन फ्लॅट दोन बेडरूमचे. गेल्या वर्षभरात मी या इमारतीत एक मधला फ्लॅट विकून दिला आणि एक भाड्याने लावून दिला. तिथल्या मालकांना पत्र पाठवून आणखी काही लिस्टिंग मिळवावीत, अशी माझी इच्छा आहे. मसुदा असा आहे :

«आदरणीय फ्लॅटमालक, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे. आपल्या प्रतिष्ठित इमारतीत फ्लॅट घेण्यासाठी अनेक ग्राहक उत्सुक आहेत. विक्री असो वा भाडे, आम्ही आपणास सर्वोत्तम भाव आणि संपूर्ण पारदर्शक सेवा देण्याची हमी देतो. आपल्या मालमत्तेचे मूल्यांकन विनामूल्य करून मिळेल. आजच संपर्क साधा.»

हे पत्र वाचून आपण फोन केला असता का? नसता, तर का नाही, हे कृपया स्पष्टपणे सांगावे.

गच्ची

मी एका सोसायटीचा सचिव आहे आणि अशी पत्रे आमच्या कार्यालयात दर महिन्याला येतात. आपल्या मसुद्यातील एकही वाक्य माझ्या इमारतीविषयी नाही. इमारतीचे नाव त्यात नाही, आणि घातले तरी काही फरक पडणार नाही, कारण ते खोडून शेजारच्या इमारतीचे नाव लिहिले तरी पत्र जसेच्या तसे चालेल.

‘सर्वोत्तम भाव’ या शब्दांबद्दल माझा स्वतःचा अनुभव वाईट आहे. काही वर्षांपूर्वी एका एजंटाने असेच पत्र पाठवले, घर न पाहता फोनवरच माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा आकडा सांगितला, आणि मी सहा महिन्यांच्या एक्सक्लुझिव्ह करारावर सही केली. तिसऱ्या आठवड्यात भाव कमी करा असा पहिला निरोप आला, आणि त्यानंतर असे आणखी दोन निरोप आले. पहिल्याच महिन्यात आलेली एक बरी ऑफर मी त्या मोठ्या आकड्याच्या भरवशावर नाकारली होती. शेवटी घर तिच्याहून कमी किमतीला गेले. घर आत येऊन पाहण्याआधी जो भाव सांगतो, त्याच्याशी मी आता पुढे बोलत नाही.

नीलमोहर

माझे मत असे आहे की एक्सक्लुझिव्ह करार करूच नये. तीन-चार एजंटांना सांगून ठेवावे, जो आधी ग्राहक आणेल त्याचे काम. आपण सही करण्याआधी नीट विचार करा.

उंबरठा

नीलमोहर, क्षमा करा, मी मालक नसून एजंट आहे आणि माझा प्रश्न पत्राच्या मजकुराविषयी आहे. मात्र आपला आक्षेप अनेक मालकांच्या मनात असणार, हे मी लक्षात ठेवतो.

सौदापत्र

मी याच व्यवसायात आहे. पत्रात दोनच गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे आपण विकलेल्या फ्लॅटचा क्रमांक आणि मिळालेली किंमत, पत्राच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत. शेजाऱ्याचे घर कितीला गेले हे वाचल्याशिवाय कोणताही मालक पत्र फेकून देत नाही. दुसरी म्हणजे ‘आमच्याकडे ग्राहक तयार आहे’ हे वाक्य. ग्राहक आज नसला तरी लिस्टिंग हाती आल्यावर मिळतोच. मी नेहमी असेच करतो आणि फोन येतात.

जुनी वीट

मी बावीस वर्षे हे काम करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शेजाऱ्याच्या व्यवहाराबद्दल मालकांना उत्सुकता असते, हे सौदापत्र यांचे निरीक्षण बरोबर आहे. पण फ्लॅटचा क्रमांक आणि किंमत ही माहिती आपली नाही. ती विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची आहे. नोंदणीच्या दस्तांतून ती कोणालाही मिळत असेल तरीही, ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याचा सौदा आपण त्याच्याच शेजाऱ्यांत वाटतो आहोत असे दिसते. पत्र वाचणारा मालक लगेच ओळखतो की उद्या आपल्या घराचेही असेच पत्र निघेल. दोघांची लेखी संमती असेल तरच लिहावे. आणि इथे एक बारकावा आहे : मजल्यावर दोन बेडरूमचे दोनच फ्लॅट असतील, तर ‘नवव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट’ एवढे म्हटले तरी क्रमांक सांगितल्यासारखेच होते. त्यामुळे मजलाही लिहू नये.

‘ग्राहक तयार आहे’ हे वाक्य तर ग्राहक खरोखर असेल तेव्हाच लिहावे. त्याला काय हवे आहे हे त्याच्याकडून लिहून घेतलेले असावे, आणि त्याने दुसरीकडे घर घेतले तर फोन करणाऱ्या मालकाला ते पहिल्याच वाक्यात सांगावे. खोट्या ग्राहकावर फोन येतात, हे मला मान्य आहे. पण मालक म्हणतो, ‘उद्या त्यांना घेऊन या,’ आणि तिथे आपण अडकतो. एकाच इमारतीत पत्र पाठवताना ही चूक अधिक महाग पडते, कारण ते 72 मालक एकमेकांना लिफ्टमध्ये भेटतात.

आता उंबरठा यांना माझा एक प्रश्न आहे. आपण विकलेला तो फ्लॅट पाहायला किती जण आले होते, आणि त्यांनी घरात उभे राहून काय काय विचारले? हे आपण कुठे टिपून ठेवले आहे का? मालकाला आपले घर पाठ असते, आसपासचे भाव तो ऑनलाइन पाहतो, इमारतीतल्या गोष्टी त्याला आपल्याआधी कळतात. त्याला फक्त एक गोष्ट ठाऊक नसते : अनोळखी माणूस त्याच्या इमारतीत घर पाहायला येतो तेव्हा तो कुठे थबकतो आणि का परत जातो. ते आपण पाहिले आहे. पत्रात तेच असावे.

पूर्वाभिमुख

माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे आणि मी दुसऱ्या शहरात राहते. एका एजंटाने माझ्या दारातून ‘आपला फ्लॅट विकायचा आहे का’ असे पत्र आत सरकवले. ते अर्थातच भाडेकरूच्या हाती पडले. त्यांना वाटले की मी त्यांना न सांगता घर विकायला काढले आहे. मुलांची शाळा जवळ असल्याने ते घाबरून गेले आणि त्याच आठवड्यात दुसरे घर शोधू लागले. त्यांची समजूत घालायला मला दोन दिवस लागले. पाकिटावर ‘मालकांसाठी’ असे लिहिलेले असते तर त्यांनी ते उघडलेही नसते. ‘फ्लॅटमालक’ म्हणून प्रत्येक दारात टाकलेले पत्र नेमके कोणाच्या हाती जाते, याचा कृपया विचार करावा.

उंबरठा

पूर्वाभिमुख, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी मोजणी केली : 41 फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतात, 22 भाड्याने दिलेले आहेत आणि 9 बंद असतात.

जुनी वीट, माझ्याकडे डायरी आहे. तो फ्लॅट विकायला सात आठवडे लागले आणि 14 जण पाहायला आले. त्यांपैकी 9 जण स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबले, कारण तिथून मागची मोकळी जागा दिसते, आणि तिथे पुढे काय उभे राहणार असे त्यांनी विचारले. पहिल्या काही जणांना मी ‘काही माहीत नाही’ असे उत्तर दिले आणि त्यांचा पुन्हा फोन आला नाही. मग मी नगरनियोजन कार्यालयातून त्या जागेवर काय बांधायला परवानगी आहे याची प्रत काढून आणली आणि ती फाइलमध्ये ठेवली. पुढे प्रश्न आला की मी ती प्रत त्यांच्या हाती देत असे.

दुसरी गोष्ट मी फार उशिरा ओळखली. मधल्या फ्लॅटच्या मोठ्या बेडरूमची एक भिंत लिफ्टच्या पोकळीला लागून आहे. एक बाई पाहायला आल्या होत्या. त्या बोलता बोलता थांबल्या, त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला आणि लिफ्ट वर जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. काही न बोलता त्या बाहेर पडल्या. त्यानंतर मी प्रत्येकाला त्या खोलीत स्वतः थांबवू लागलो. ‘लिफ्ट दोनदा जाऊ द्या, आवाज ऐका, मग ठरवा,’ असे मी सांगत असे. आवाज हलकाच आहे. आपण होऊन दाखवला की लोकांना तो चालतो, स्वतः शोधून काढला की मात्र त्यांना काहीतरी लपवल्यासारखे वाटते.

मात्र अशा उणिवा पत्रात लिहिल्या तर मालक दुखावणार नाहीत का?

जुनी वीट

मालकाने त्या भिंतीपलीकडचा आवाज रोजच ऐकलेला आहे. त्याला दुखावेल ते ‘आपल्या इमारतीत असा दोष आहे’ हे वाक्य. ‘पाहायला येणारे इथे थांबतात आणि तेव्हा आम्ही असे करतो’ हे वाक्य त्याला कामाचे वाटेल. पण लिफ्टच्या भिंतीची गोष्ट फक्त मधल्या 36 फ्लॅटना लागू आहे. कडेच्या फ्लॅटच्या मालकांना ती लिहून पाठवली तर आपल्याला त्यांच्या घराची काहीच माहिती नाही, असा त्यांचा समज होईल. त्यांच्या पत्रात ती ओळ वगळावी आणि कडेचा फ्लॅट आपण अजून विकलेला नाही हे प्रामाणिकपणे लिहावे.

पत्र एका पानाचे ठेवा आणि त्यात मागणी एकच करा. ‘लिस्टिंग द्या’ ही मागणी पहिल्या पत्रासाठी फार मोठी आहे. बहुतेक मालकांना आज घर विकायचे नसते, त्यामुळे ज्याचा विचार अजून पक्का झालेला नाही अशा माणसालाही सहज पूर्ण करता येईल एवढीच मागणी ठेवा.

गच्ची

वाटपाबद्दल सांगतो. पत्र दाराखालून सरकवू नये, सुरक्षारक्षकाच्या हाती गठ्ठा देऊन तर मुळीच नको. समितीला आधी पत्राची प्रत दाखवा आणि लेटरबॉक्समध्ये टाकण्याची परवानगी लेखी घ्या. बाहेर राहणाऱ्या मालकांचे पत्ते आणि फोन समितीने आपल्याला देऊ नयेत, आणि सोसायटीच्या ग्रुपवरून ते कोणी काढून दिले तर आपणही घेऊ नयेत. आमच्याकडे एका एजंटासाठी आम्ही असे केले : त्याने बंद आणि तिकीट लावलेली पाकिटे कार्यालयात आणून दिली, पत्ते आम्ही लिहिले आणि पोस्टात टाकली. त्याला पत्ता कळला नाही आणि मालकाला पत्र मिळाले.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या फ्लॅटच्या मालकांसाठी नव्याने लिहिलेला मसुदा देत आहे. ‘गेल्या वर्षी एक फ्लॅट विकला’ एवढे लिहिण्याची परवानगी मी त्या विक्रेत्यांकडून आणि खरेदीदारांकडूनही मागून घेतली आहे.

«सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्या इमारतीतील दोन बेडरूमचा एक फ्लॅट विकण्याचे काम मी केले. सात आठवड्यांत 14 कुटुंबे तो पाहायला आली. त्यांनी काय विचारले याची मी नोंद ठेवली आहे, आणि त्यांपैकी दोन गोष्टी आपल्याला उपयोगी पडतील असे वाटते.

नऊ जणांनी मागच्या मोकळ्या जागेवर काय बांधले जाईल असे विचारले. त्या जागेसाठी आज काय परवानगी आहे याची नगरनियोजन कार्यालयाची प्रत माझ्याकडे आहे. ही परवानगी पुढे बदलू शकते, म्हणून मी ग्राहकांना कोणतेही आश्वासन देत नाही, फक्त कागद दाखवतो. तसेच, घर दाखवताना मी मोठ्या बेडरूममध्ये लिफ्ट दोनदा जाईपर्यंत थांबतो, कारण ग्राहकाने तो आवाज सौद्याआधी ऐकलेला बरा.

आपल्या घराची किंमत मी या पत्रात सांगत नाही. घर आत येऊन पाहिल्याशिवाय ती सांगता येत नाही. माझी फी, ती कोणाकडून आणि केव्हा घेतली जाते, हे सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे.

आपल्याला मागच्या जागेविषयीची प्रत हवी असल्यास कृपया कळवा. घर विकण्याचा विचार नसला तरी ती मी पाठवीन. आपला फ्लॅट दुसऱ्या एजंटाकडे एक्सक्लुझिव्ह करारावर असेल, तर हे पत्र आपल्यासाठी नाही असे समजावे. पुन्हा पत्र नको असल्यास तेवढेच कळवावे, मी पाठवणार नाही.»

खाली माझे नाव, फोन, कार्यालयाचा पत्ता आणि एजंट म्हणून असलेला नोंदणी क्रमांक येईल.

सौदापत्र

पत्र सभ्य आहे, हे मान्य. पण किंमतच नाही आणि त्यात फीची चिठ्ठी, म्हणजे मालकाला खर्च दिसतो आणि लाभ दिसत नाही. फीचा विषय समोरासमोर बोलायचा असतो. आणि फुकट प्रत मागणारे पुष्कळ भेटतील. प्रत मागितली म्हणून कोणी घर विकायला काढत नाही.

जुनी वीट

फीच्या बाबतीत मी सौदापत्र यांच्याशी अर्धी सहमत आहे. मी स्वतः ती पहिल्या पत्रात लिहीत नाही, पहिल्या भेटीत कागदावर देते. माझे काही सहकारी ती पत्रातच लिहितात आणि त्यांचेही काम उत्तम चालते. प्रत मागणाऱ्यांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. मागच्या जागेची काळजी ज्याला वाटते, तो आपले घर बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहू लागलेला असतो. त्याची नोंद ठेवावी. लगेच पाठपुरावा करू नये. दुसरे पत्र सहा आठवड्यांनी पाठवावे आणि तेही नवीन काही सांगण्यासारखे असेल तरच.

पूर्वाभिमुख

भाडेकरू असलेल्या घरांसाठी पत्रात एक ओळ घालावी, अशी माझी विनंती आहे : घर दाखवायचे झाल्यास भाडेकरूला आधी कळवून आणि त्याच्या सोयीची वेळ ठरवूनच येऊ. मला अशी ओळ असलेले पत्र आले असते तर मी ते जपून ठेवले असते.

उंबरठा

पाच आठवडे झाले, म्हणून कळवतो. पूर्वाभिमुख यांची ओळ घातली. 41 पत्रे समितीच्या परवानगीने लेटरबॉक्समध्ये टाकली आणि 31 पाकिटे सचिवांनी पत्ते लिहून पोस्टाने पाठवली. फीची चिठ्ठी मी फक्त मधल्या फ्लॅटना जोडली, कडेच्यांना नाही. मात्र दोन्ही पत्रांचा मजकूरही वेगळा होता, त्यामुळे चिठ्ठीचा परिणाम काय झाला हे यातून सांगता येणार नाही.

एकूण 11 जणांचा प्रतिसाद आला. सात जणांना फक्त प्रत हवी होती. एका गृहस्थांनी पुन्हा पत्र नको असे कळवले. कडेच्या फ्लॅटमधील एका आजोबांनी फोन करून विचारले की संध्याकाळच्या उन्हाबद्दल लोक काय म्हणतात. मला माहीत नाही असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी मला चहाच्या वेळी येऊन ते ऊन स्वतः पाहायला बोलावले. मी पाऊण तास त्यांच्या दिवाणखान्यात बसलो. विकण्याचा त्यांचा विचार आज नाही.

उरलेले दोघे मधल्या फ्लॅटचे मालक आहेत आणि दोघांनाही विकायचे आहे. सहाव्या मजल्यावरच्या कुटुंबाशी करार झाला. त्यांना बदलीमुळे तीन महिन्यांत जायचे आहे, हे त्यांनी मला विश्वासाने सांगितले. तेराव्या मजल्यावरच्या बाईंनी परवा बोलावले. घर तसेच, आराखडा तोच, पण त्यांना घाई नाही. दोन्ही लिस्टिंग मी घ्यावीत का? पाहायला येणारा माणूस दोन्ही घरे एकाच फेरीत पाहणार आणि कोणता मालक भाव लवकर खाली आणेल, असे मलाच विचारणार.

सौदापत्र

दोन्ही घ्या. याचसाठी तर पत्र पाठवले होते. ग्राहक एकाकडून निसटला तर दुसऱ्याकडे वळतो आणि दोन्ही वेळा काम आपलेच राहते.

गच्ची

मी सहाव्या मजल्यावर असतो तर मला हे आवडले नसते. माझी घाई आपल्याला माहीत आहे आणि तेराव्या मजल्याचे घर विकताना ती आपल्या उपयोगी पडू शकते. आपण ती वापरणार नाही असे म्हणाल, पण मला त्याची खात्री कशी पटावी?

जुनी वीट

मी दोन्ही प्रकारे वागले आहे. एकदा दोन्ही घरे घेतली, दोघांना लेखी कळवले, आणि एकाची कारणे व किमान अपेक्षा दुसऱ्याच्या व्यवहारात कधीही सांगणार नाही असे त्याच कागदावर लिहून दिले. दोन्ही घरे विकली गेली, पण उशिरा गेलेल्या घराचे मालक आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणू शकत नाही. दुसऱ्या वेळी मी नंतर आलेल्या मालकांना थांबायला सांगितले. त्यांनी दुसरा एजंट गाठला आणि त्याने भाव खाली ठेवून माझ्या आधीच्या मालकांचेच नुकसान केले. आधी सहाव्या मजल्यावर जाऊन सांगावे, एवढे मात्र मी ठामपणे म्हणेन. त्यांचा करार आधीचा आहे. त्यांनी नको म्हटले तर प्रश्न तिथेच संपला.

उंबरठा

सहाव्या मजल्यावर आज संध्याकाळी सातला जातो आहे. तेराव्या मजल्यावरच्या बाईंचे नाव त्यांना सांगणार नाही, फक्त ‘आपल्यासारखाच आणखी एक फ्लॅट’ एवढेच म्हणेन. बाईंना मी दोन दिवसांची मुदत मागितली आहे. त्यांनी दिली, आणि कारण विचारले. खरे कारण सहाव्या मजल्याची परवानगी घेतल्याशिवाय सांगता येत नव्हते, म्हणून ‘आधी एका मालकांशी बोलणे आवश्यक आहे’ असे म्हणालो. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्याच इमारतीतले.’